पाच-सहा ओळी पुरे: गृहपत्रिकेच्या पहिल्या पानावरचं पत्र

बँका, साखर कारखाने, दूध संघ, रुग्णालयं, महाविद्यालयं, मोठ्या गृहनिर्माण संस्था, अशा अनेक ठिकाणी घरच्या माणसांसाठी एक छोटी पत्रिका निघते. आठ पानांची, कधी चारच पानांची. खाली ‘केवळ खासगी वितरणासाठी’ असं छापलेलं असतं. तिच्या पहिल्या पानावर संपादकाचं चार-पाच परिच्छेदांचं मनोगत असतं आणि त्यात साहित्य पाठवण्याचं आवाहन. बहुतेक जण हे मनोगत ओलांडून थेट वाढदिवसांच्या यादीकडे जातात, कारण मागच्या अंकात काय होतं आणि पुढच्या अंकात काय असेल हे त्यांना न वाचताच ठाऊक असतं. माझ्या मते पत्रिकेचं भवितव्य याच पानावर ठरतं. इथे नीट विचारलं, तर पुढच्या अंकात कामगार, कारकून, ड्रायव्हर आणि शिपाई लिहिताना दिसतात. नीट विचारलं नाही, तर पत्रिका अध्यक्षांच्या फोटोंनी भरते.

आपल्याकडे या प्रकाराची परंपरा चांगली आहे. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. कारखान्याची खबरबात देणारं ते छोटं पत्र. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, हे चित्रकार होते आणि कारखान्यातल्याच माणसांत वावरणारे होते. पुढे नावातलं ‘खबर’ गळालं आणि ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही त्याची भावंडं. प्रत्येक गृहपत्रिकेनं तिथवर जावं असं नाही. पण एका कारखान्याच्या पत्राला वाचक मिळू शकतो, हे आपल्याच मातीत घडलेलं आहे.

आता आवाहनाकडे येऊ. एक उदाहरण धरून चालू. समजा, पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याचा दूध संघ आहे. सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध गोळा होतं, शीतकरण केंद्रात गार होतं, टँकरनं मुख्य डेअरीत येतं, पाश्चरायझेशन होऊन पिशव्यांत भरलं जातं आणि उजाडायच्या आत शहराकडे निघतं. कामाला तीनचारशे माणसं, तीन पाळ्यांत. दर तीन महिन्यांनी आठ पानांचं वार्तापत्र निघतं. त्याचं मनोगत साधारण असं असतं:

‘सर्व सन्माननीय कर्मचारी बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार. आपल्या उदंड प्रतिसादामुळे हा अंक आपल्या हाती देताना आम्हांस अत्यानंद होत आहे. तरी सर्वांनी आपले दर्जेदार लेख, कविता, चारोळ्या, पाककृती इत्यादी साहित्य लवकरात लवकर संपादक मंडळाकडे पाठवून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’

यात चुकीचं काही नाही, पण लिहायला बसवणारंही काही नाही. ‘दर्जेदार’ वाचलं की पॅकिंगवरचा माणूस स्वतःला यादीतून वगळतो. हे आपल्यासाठी नाही, हेडऑफिसातल्या कवींसाठी आहे, असं त्याला वाटतं. ‘इत्यादी’मुळे सगळंच चालेल असं होतं, आणि सगळं चालतं तेव्हा माणसाला काहीच सुचत नाही. ‘लवकरात लवकर’ म्हणजे कधी, हे कुणीच धरत नाही. ‘संपादक मंडळ’ नावाचं टेबल डेअरीत कुठे आहे, हेही कुणाला माहीत नसतं. अशा आवाहनाचं फळ ठरलेलं: तीन कविता, त्याही नेहमीच्याच तिघांच्या, आणि आरोग्यावरचा एक कुठून तरी उतरवलेला लेख.

उपाय एका प्रश्नापासून सुरू होतो. ‘साहित्य पाठवा’ असं न म्हणता एकच गोष्ट विचारायची. ती इतकी लहान हवी, की तिचं उत्तर पाळी संपवून गेटकडे चालता चालता तयार व्हावं. शिवाय ते उत्तर डेअरीतल्या प्रत्येकाकडे असायला हवं: बॉयलरवाल्याकडे, प्रयोगशाळेत फॅट काढणाऱ्या मुलीकडे, हिशेबनिसाकडे आणि वॉचमनकडेही. ‘सहकार चळवळीपुढील आव्हाने’ या विषयावर तीनचारशेतले दोघे लिहितील. ‘तुमच्या डब्यातली कोणती भाजी दुसरेच संपवतात?’ यावर सगळे बोलतील. प्रश्न लहान असला तरी उत्तर लहान राहतंच असं नाही. डब्यातल्या भाजीवरून माणूस आईवर, बदलीवर, खोली घेऊन एकट्यानं काढलेल्या वर्षांवर येतो. तिथे तो आपण होऊन येतो. संपादकानं त्याला तिथून सुरुवात करायला सांगू नये.

प्रश्न निवडताना थोडं थांबून पाहावं लागतं. पावसाळी अंकासाठी सहज सुचणारा प्रश्न म्हणजे ‘पावसातली तुमची फजिती’. ऐकायला हलकाफुलका. पण कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या माणसांनी २०१९चा महापूर पाहिला आहे. त्यात घरं गेली, जनावरं गेली. दूध संघातल्या अनेकांच्या स्वतःच्या दावणीला म्हशी असतात. त्यांच्यासमोर पावसाची फजिती हा विषय ठेवता येत नाही. पुरावर जरूर लिहावं, पण वेगळ्या पानावर, वेगळ्या सुरात, ज्यांनी तो भोगला त्यांना समक्ष भेटून. हलका सूर कुठे चालतो हे संस्थेला सारखं लागू होत नाही, ते त्या वर्षी त्या माणसांवर काय गुदरलं आहे यावर ठरतं. त्याच अंकात एखाद्या सहकाऱ्याच्या निधनाची बातमी असेल, तर मनोगताची सुरुवात त्याच्या नावानं होते आणि गमतीचा परिच्छेद पुढच्या अंकापर्यंत थांबतो.

म्हणून पुराचा विषय बाजूला ठेवून आपण दुसरा प्रश्न घेऊ: ‘रात्रपाळीत पहाटे चार वाजता झोप आली, तर तुम्ही काय करता?’ प्रश्न छान आहे, ओळखीचा आहे, आणि तरीही छापण्याजोगा नाही. पत्रिका व्यवस्थापनही वाचतं. ड्यूटीवर झोप लागणं हा शिस्तभंग आहे, आणि बॉयलरवर किंवा टँकरच्या चाकामागे तर तो धोका आहे. या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा माणूस स्वतःच्या विरुद्ध पुरावा लिहून देईल. ते ओळखून माणसं एक तर गप्प बसतील किंवा खोटं लिहितील. गृहपत्रिकेतला प्रश्न कुणालाही कबुली द्यायला लावणारा नसावा. तेव्हा तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं विचारू: ‘पहाटे चार वाजता तुम्हाला तरतरी कशानं येते?’ आता झोपेचा उल्लेखही नाही, आणि चहा, गाणं, गार वारा, पहिल्या टेम्पोचा हॉर्न असं काहीही सांगायला वाट मोकळी आहे.

या प्रश्नावर उभं केलेलं मनोगत असं होऊ शकतं:

‘राम राम मंडळी,

पहाटे चार वाजता आपला तालुका झोपलेला असतो आणि आपली डेअरी जागी असते. पाश्चरायझरवर दूध बहात्तर अंशाला पोचलेलं असतं, पॅकिंगला पिशव्या पडत असतात, गेटवर पहिला टेम्पो उभा असतो आणि त्याचा ड्रायव्हर चहावाल्याला हाका मारत असतो. अशा वेळी तुम्हाला तरतरी कशानं येते? कुणाला आल्याचा चहा लागतो. कुणी कोल्ड स्टोअरेजचं दार उघडून उगाच आत जाऊन येतं. पॅकिंगला एक जण जुनी भावगीतं म्हणतात अशी पक्की खबर आहे. त्यांनी परवानगी दिली, तर पुढच्या अंकात त्यांचं नाव आणि गाण्यांची यादी देऊ.

तुमची युक्ती आम्हाला सांगा. पाच-सहा ओळी पुरे. दिवसपाळीच्या मंडळींनी नाराज होऊ नये. दुपारी जेवणानंतरच्या अडीचलाही तरतरी लागतेच, तिची युक्ती तुम्ही सांगा.

कागदावर लिहून टाइमकीपरच्या टेबलावरच्या पेटीत टाका, नाहीतर खालच्या नंबरावर बोलून पाठवा. उतरवून आम्ही घेऊ. शुद्धलेखन आमच्याकडे. छापण्याआधी तुमचा मजकूर तुम्हाला दाखवू, तुम्ही हो म्हणालात तरच छापू. २० ऑगस्टच्या संध्याकाळी पेटी उघडणार आहोत.’

त्याखाली संपादकाचं नाव, विभाग आणि मोबाइल. ‘संपादक मंडळ’ नको. माणसं माणसाला लिहितात, मंडळाला नाही.

यातली गंमत कुठून येते ते पाहण्यासारखं आहे. विनोद म्हणून विनोद यात एकही नाही. गेटवरचा टेम्पो, कोल्ड स्टोअरेजचं दार, पॅकिंगमधली भावगीतं, हे तिथे काम करणाऱ्यांनी रोज पाहिलेलं आहे, आणि रोजची गोष्ट छापलेली दिसली की ओठांवर हसू येतं. म्हणून मनोगत खुर्चीत बसून लिहिता येत नाही. आधी एकदा पहाटे चारला डेअरीत चक्कर मारावी लागते. ज्या संपादकानं ती मारलेली नसते तो व्हॉट्सअ‍ॅपवरचे नवरा-बायकोचे विनोद आणून घालतो, आणि निम्म्या वाचकांचा तिथेच विरस होतो. भावगीतं म्हणणाऱ्याचं नाव मनोगतात दिलेलं नाही, तेही मुद्दाम. त्याला न विचारता नाव छापलं, तर दुसऱ्या दिवशी अख्खी पाळी त्याला छेडेल आणि तो गायचं थांबवेल. ज्याच्यावरून हसायचं त्याची संमती आधी घ्यावी. रंग, अंगकाठी, गावाकडची बोली, जात, बाईमाणूस असणं, यांवर संमतीनंही हसू नये. वरिष्ठांची थट्टा कनिष्ठांनी केलेली बहुतेक वेळा खपते, वरिष्ठांनी कनिष्ठांची केलेली खपत नाही. मनोगत व्यवस्थापक लिहीत असतील, तर त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

‘शुद्धलेखन आमच्याकडे’ या दोन शब्दांना कमी समजू नये. डेअरीतले कितीतरी जण बोलतात सुरेख. पण पेन हातात घेतलं की त्यांना शाळेतली लाल शाई आठवते. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, लोक हसतील, या एका भीतीनं मजकूर येत नाही. बोलून पाठवायची सोय दिली की ही भीती जाते. संपादकाचं काम मात्र वाढतं, कारण बोललेलं उतरवताना त्यातला माणूस हरवू द्यायचा नसतो. समजा, टँकरवरच्या ड्रायव्हरनं असं पाठवलं: ‘माझ्याकडे शेंगदाणे असतात बघा, भाजलेले. एक एक टाकायचा तोंडात. मूठभर घेतले की घाटाच्या अलीकडंच संपतात. घाट उतरंपर्यंत पुरवायचे, हा सगळा हिशोब.’ यातल्या पहिल्या वाक्याचं ‘प्रवासात मी भाजलेल्या शेंगदाण्यांचे सेवन करतो’ असं करायला हात शिवशिवतो. पण तसं केलं, तर शेंगदाणे छापले जातील आणि ड्रायव्हर गाडीतच राहील. दोनदा आलेला शब्द काढावा, विरामचिन्हं घालावीत, वाक्याचा क्रम लावावा. ‘बघा’ आणि ‘अलीकडंच’ राहू द्यावं. ‘हा सगळा हिशोब’ तर राहायलाच हवं. मग त्याला फोन करून वाचून दाखवावं. या फोनमुळे तो पुढच्या वेळी न मागता पाठवतो.

तारखेचं गणित उलट्या दिशेनं करायचं असतं. अंक १ सप्टेंबरला वाटायचा, तर छपाई आणि घडीसाठी तीन-चार दिवस धरावेत. त्याआधी मुद्रितं दोनदा वाचायला दोन दिवस, त्याआधी मांडणीला दोन दिवस, आणि मजकूर उतरवून लेखकांना दाखवायला तीन-चार. यावरून २० ऑगस्ट आला. आवाहनात तारीख लिहिली आणि त्या दिवशी पेटी खरोखर उघडली, तर पुढच्या तारखेवर लोक विश्वास ठेवतात. ‘मुदतवाढ’ एकदा दिली, की पुढच्या प्रत्येक अंकाला ती गृहीत धरली जाते. आठ पानांचा अंक म्हणजे मधोमध दुमडलेले दोन मोठे कागद. त्यामुळे पानं चारच्या पटीतच वाढतात, नववं पान नावाची गोष्ट नसते. उत्तरं भरपूर आली तर कोणतं नेहमीचं सदर आखडायचं हे आधी ठरवून ठेवावं. पाहुण्यांच्या स्वागताचे फोटो त्यासाठी सोयीचे असतात.

मजकूर टाइप करून येणार असेल, तर तो युनिकोडमध्ये मागावा. जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या संगणकावर उघडलं की निरर्थक अक्षरांची रांग दिसते, आणि रूपांतर करताना जोडाक्षरं व रफार तुटतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर तो बारीक होऊन येतो. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ एवढं म्हटलं तरी तो छापण्याजोगा राहतो. हे दोन्ही मनोगतात लिहू नये, अंकाच्या शेवटच्या पानावर चौकटीत द्यावं. मनोगतात सूचना वाढल्या की ते परिपत्रक होतं.

मनोगत छापून झालं म्हणजे निमंत्रण पोचलं, असं मात्र समजू नये. अंक घरी जातो, डब्याबरोबर पिशवीत राहतो, कधी भज्यांखाली जातो. तोच प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून हजेरीच्या जागी लावावा, आणि मुदतीच्या आठवड्यात संपादकानं तिन्ही पाळ्यांना स्वतः जाऊन काही जणांना नावानिशी विचारावं: ‘मावशी, तुमचं काय?’ लग्नाची पत्रिका कितीही देखणी असली तरी आपल्याकडे घरी येऊन कुंकू लावल्याशिवाय आमंत्रण पुरं होत नाही. इथेही तसंच आहे. कुणाला विचारायचं, याचा एक नियम मला फार उपयोगी वाटतो: ज्यांचं नाव पत्रिकेत फक्त निवृत्तीच्या बातमीत येतं, त्यांना ते निवृत्त व्हायच्या आधी विचारावं.

पेटीचा एक धोकाही आहे. ती ठेवली की तीत तक्रारी येतात, बहुधा निनावी. ओव्हरटाइम मिळाला नाही, हातमोजे फाटलेत, अमुक साहेब ओरडतात. त्या छापायच्या नसतात आणि फेकायच्याही नसतात. सुरक्षेची असेल तर ती त्याच दिवशी संबंधित अधिकाऱ्याकडे द्यावी. बाकीच्यांसाठी पुढच्या मनोगतात एक सरळ वाक्य लिहावं: पेटीत काही तक्रारीही आल्या, त्या आम्ही कार्मिक विभागाकडे दिल्या आहेत. त्यावर गंमत करू नये. हातमोजे फाटलेले असताना पहिल्या पानावर केलेला विनोद कामगाराला टोचतो. तक्रारीचं काहीच होत नाही असं दिसलं, तर पुढच्या अंकाला पेटी रिकामी निघते आणि प्रश्न कितीही चांगला असला तरी निघते.

कवितांचं काय करायचं, हा प्रत्येक संपादकापुढचा प्रश्न. लहान प्रश्न विचारला तरी काही कविता येतातच. दर अंकाला एकच कविता छापायची, आणि हे मनोगतात आधीच प्रेमानं सांगून ठेवायचं. कवीला नकार लेखी देऊ नये. त्याच्या टेबलापाशी जाऊन, कवितेतली एखादी खरी आवडलेली ओळ सांगून, त्याच्याकडूनही पहाटे चारच्या पाच-सहा ओळी मागाव्यात. कविता करणारा माणूस निरीक्षण करणाराच असतो, आणि गद्यात त्याच्याकडून बरेचदा उत्तम काही मिळतं.

पुढच्या अंकाच्या मनोगताची सुरुवात मागच्या उत्तरांनीच व्हावी. किती आली हे सांगावं, पण ‘उदंड’ म्हणू नये. अकरा आली तर अकरा लिहावं. आकडा खरा आहे हे प्रत्येकाला कळतं, कारण पेटी सगळ्यांसमोर असते. ज्यांचं छापता आलं नाही त्यांचीही नावं त्यांना विचारून घ्यावीत, आणि दोन-तीन उत्तरांतला एखादा तुकडा उद्धृत करावा. वाचणाऱ्याला कळतं की शेंगदाण्यांसारखी साधी गोष्टही चालते, आणि पुढचा प्रश्न विचारायला जागा तयार होते. पहिल्या अंकाला उत्तरं थोडी येतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण लोक आधी पाहतात की जे लिहितात त्यांचं काय होतं. त्यांच्यावर कुणी हसलं नाही, कुणी साहेबांनी बोलावलं नाही, नाव बरोबर छापलं, हे दिसलं की दुसऱ्या-तिसऱ्या अंकापासून पाळ्यांकडून मजकूर येऊ लागतो. नाव बरोबर छापणं तर सर्वांत आधी. कष्टानं पाच ओळी लिहिणाऱ्याचं आडनाव चुकलं, तर तो परत लिहीत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही.

तुमच्या बँकेची, कारखान्याची, सोसायटीची पत्रिका तुमच्याकडे येत असेल, तर तिचं पहिलं पान या वेळी वाचा. तिथे प्रश्न नसेल, तर संपादकाला भेटून एक सुचवा. आणि प्रश्न असेल, तर त्याचं उत्तर तारखेच्या आत पेटीत टाका.